सांगलीतल्या फ्लॅटमधला धुराचा वास : रंग दिल्यावरही पावसात परत का आला, आणि कसा गेला

पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा हा दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारा मुलगा आणि दम्याचा त्रास असलेल्या आजी. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी सांगली-मिरजेत रंगकामाची कामे घेतो. मला या घरी बोलावले तोपर्यंत आग लागून दीड महिना होत आला होता आणि स्वयंपाकघर एकदा रंगवूनही झाले होते. त्याआधीचा भाग घरच्यांनी सांगितला तसा आणि भिंतींवर दिसला तसा लिहितो आहे.

मे महिन्यातली संध्याकाळ. कुरडया तळायला कढईत तेल तापत ठेवले होते. वहिनींना दाराशी कोणीतरी हाक मारली, बोलणे लांबले आणि इकडे तेलाने पेट घेतला. ज्वाळा वरच्या चिमणीच्या तेलकट जाळीला लागल्या, शेजारच्या फळीवरचे प्लास्टिकचे डबे वितळून पेटले आणि खिडकीचा पडदा जळाला. शेजारच्या काकांनी जिन्यातला आग विझवायचा सिलेंडर आणून पावडर मारली आणि गॅसचा रेग्युलेटर बंद केला. पाणी कोणी ओतले नाही हे फार बरे झाले. पेटत्या तेलावर पाणी पडले की त्याची क्षणात वाफ होते आणि ती तेल घेऊन खोलीभर उडते.

आग पाच-सात मिनिटांत विझली. ओट्यावरचा तीन-चार फुटांचा भाग काळा, चिमणी गेली, एक कपाट करपले. नुकसान पाहिले तर आटोपशीर. पण धूर मात्र वीस-पंचवीस मिनिटे घरभर फिरत राहिला, कारण धूर जावा म्हणून कोणीतरी हॉलचा पंखा मोठ्यावर लावला होता.

पहिल्या पंधरा दिवसांत काय झाले

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांनी जे केले ते कोणीही करेल. भांड्यांचा साबण आणि ओले फडके घेऊन भिंती पुसायला घेतल्या. काजळी निघण्याऐवजी पसरली. स्वयंपाकघराच्या छताला डिस्टेंपर होता, तो ओला झाल्यावर काजळी त्यात मुरली आणि छतावर तपकिरी पट्टे उमटले. हॉलच्या भिंतींना प्लॅस्टिक पेंट होता आणि त्या वरवर स्वच्छ दिसत होत्या, म्हणून त्यांना हात लावला नाही.

हॉल आणि बेडरूमचे पडदे काढून गरम पाण्यात मशीनला लावले, उन्हात वाळवले आणि कडक इस्त्री करून परत टांगले. घरात रोज धूप, कापूर, खोलीत फवारायचा सुगंध हे सगळे चालू होते. मग एका ओळखीच्या रंगाऱ्याने स्वयंपाकघरात पुट्टी भरून, पाण्यातला प्रायमर मारून दोन हात प्लॅस्टिक पेंट दिला. मे संपता संपता वास गेला असे सगळ्यांना वाटले. पाहुणे आले, त्यांनीही काही म्हटले नाही.

अडचण

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला आणि दोन दिवसांत वास परत आला. वहिनींच्या शब्दांत सांगायचे तर करपलेले तेल आणि जळकी वायर एकत्र केल्यासारखा. सकाळी दार उघडताना सगळ्यांत जास्त. स्वयंपाकघराच्या नव्या पांढऱ्या छतावर पिवळट तपकिरी डाग वर आले. आजींचा खोकला वाढला. डॉक्टरांनी त्यांना काही दिवस मिरजेला मुलीकडे राहायला सांगितले. आम्हाला बोलावणे आले ते यानंतर.

इथे वास म्हणजे नेमके काय ते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरले. धुराचा वास हवेत राहत नाही. हवा तासाभरात बदलते. वास राहतो तो पृष्ठभागावर बसलेल्या थरात. लाकूड किंवा कागद भडकून जळला तर काजळी कोरडी, भुकटीसारखी असते आणि बरीचशी झटकून निघते. तेल, अन्न आणि प्लास्टिक जळले तर धुराबरोबर तेलकट, चिकट वाफ येते. ती थंड जागी जाऊन बसते. छताचे कोपरे, बाहेरच्या बाजूच्या भिंती, बंद कपाटाची आतली बाजू, डासांची जाळी, पडद्यांच्या चुण्या. पुष्कळ वेळा हा थर डोळ्यांना दिसत नाही. नुसते अन्न करपले असेल तर भिंत स्वच्छ दिसते आणि तरी वास मारते.

कोरड्या हवेत हा थर गप्प बसतो. हवा दमट झाली की पाण्याची वाफ त्या थरात आणि प्लास्टरच्या बारीक छिद्रांत शिरते आणि अडकलेली वास देणारी द्रव्ये मोकळी होतात. म्हणून मे महिन्यात गेलेला वास जूनमध्ये परत येतो. या घरात चूक अशी कोणाची नव्हती, पण वास गेला की नाही हे कोरड्या हवेत ठरवले गेले होते. दुसरी गोष्ट, पाण्यातला प्रायमर आणि प्लॅस्टिक पेंट हे दोन्ही श्वास घेणारे थर आहेत. तेलकट काजळी त्यांतून वर झिरपते. छतावरचे डाग तेच सांगत होते.

आधी शोध : वास कुठून येतो?

घरच्यांची समजूत होती की वास स्वयंपाकघरातला आहे. मला हॉलवर संशय होता. घरातल्या माणसांचे नाक सरावलेले असते, त्यांना विचारून उपयोग नसतो. म्हणून फ्लॅट रात्रभर बंद ठेवायला सांगितला. चिमणीची पाइप, खिडक्या, आतली दारे सगळे बंद. धूप-कापूर आदल्या दिवसापासून थांबवला. सकाळी माझ्या कामावरची, त्या घरात कधी न गेलेली बाई माझ्याबरोबर आली. ती एकेका खोलीत, एकेका कपाटाजवळ जाऊन सांगत गेली आणि मी खडूने खुणा करत गेलो.

जोडीला फडक्याची चाचणी. पांढऱ्या सुती फडक्यावर साबणाच्या पाण्याचे थेंब घेऊन भिंतीवर हातभर जागा पुसायची, दाराच्या चौकटीच्या वर, कारण धूर वरच साचतो. फडके पिवळट तपकिरी झाले तर थर आहे. पण स्वयंपाकघराजवळच्या भिंतीवर एरवीही फोडणीची चिकट धूळ असतेच, म्हणून धूर न पोहोचलेल्या जागी एक फडके पुसून ते शेजारी ठेवावे लागते. इथे आगीच्या वेळी बंद असलेल्या मागच्या बेडरूमची भिंत आम्ही त्यासाठी धरली. ते फडके करडे निघाले, हॉलचे पातळ चहाच्या रंगाचे. दोन फडकी शेजारी ठेवल्यावर घरच्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.

वासाच्या जागा अशा निघाल्या. स्वयंपाकघराचे छत आणि ओट्यावरची भिंत. हॉलच्या चारही भिंतींचा वरचा भाग. माळ्याच्या प्लायवुडची मागची कच्ची बाजू, जिला सनमायका नव्हता. चिमणी बदलली होती, पण बाहेर जाणारी पत्र्याची लवचिक पाइप जुनीच होती आणि आतून काळी चिकट. हॉलचे पडदे. सोफा. पुढच्या बेडरूममधली कापसाची गादी. आणि ओट्याजवळचा इलेक्ट्रिकचा बोर्ड, ज्याच्या मागच्या पेटीत काजळी आणि सिलेंडरची पावडर दोन्ही साचले होते. ती पावडर ओलावा धरते आणि तांब्या-पितळेला खाते. तो बोर्ड आम्ही उघडला नाही. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून पेटी साफ करून घेतली आणि आतले स्विच-सॉकेट बदलून घेतले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय घरमालकांच्या मनात होता, तो म्हणजे आणखी दोन हात रंग. सगळ्यांत स्वस्त, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. मी तो घ्यायला नकार दिला.

दुसरा, संपूर्ण स्वयंपाकघर आणि हॉल प्लास्टरपर्यंत खरवडून नव्याने करणे. याने वास नक्की जातो. पण हॉलच्या भिंती धड होत्या आणि भर पावसाळ्यात नवे प्लास्टर वाळणार कधी? खर्चही झेपणारा नव्हता.

तिसरा पर्याय त्यांच्या भाच्याने पुण्याहून सुचवला होता. ओझोनचे मशीन भाड्याने आणून रात्रभर लावायचे. यावर आमची बरीच चर्चा झाली. ओझोन वास देणारी द्रव्ये मोडतो हे खरे आहे. पण तो फुप्फुसांना घातक आहे, माणूस, मांजर, झाडे काहीही घरात असताना लावता येत नाही, आणि रबराच्या वस्तू त्याने चिरतात. शिवाय रंगाच्या खाली आणि प्लायवुडच्या आत बसलेल्या थरापर्यंत तो पुरेसा पोहोचत नाही. थर तसाच ठेवून हवा शुद्ध केली तर वास परत येणारच. दम्याच्या आजी त्या घरात परतणार होत्या, म्हणून मी ते नको म्हटले. सगळी सफाई होऊन, रिकाम्या घरात, जाणकार माणसाने ते केले तर गोष्ट वेगळी.

चौथा पर्याय आम्ही निवडला. जिथे थर वर आहे तिथे तो काढायचा, जिथे आत मुरला आहे तिथे त्याला खाली कोंडून टाकायचे, आणि कापडांचा वेगळा विचार करायचा.

एक प्रश्न उरला, काम आत्ता करायचे की दसऱ्यानंतर? रंगकामाच्या दृष्टीने दसऱ्यानंतरच बरे. भिंत कोरडी मिळते. पण आजी तोवर बाहेर राहायला तयार नव्हत्या आणि मुलीचे घर लहान. शेवटी असे ठरले की जुलैत पावसाने उघडीप दिली की काम धरायचे आणि ते संपून तेलाच्या प्रायमरचा वास पूर्ण जाईपर्यंत आजींनी मिरजेलाच राहायचे. तो वासही दम्याला चांगला नसतो, हे त्यांना आधीच सांगितले.

भिंतींवर काय केले

हॉलपासून सुरुवात केली, कारण तिथल्या भिंतींना कोणी ओले फडके लावले नव्हते. ही जमेची बाजू होती. आधी मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने छतापासून खाली, न घासता, फक्त ओढून घ्यायचे. मग कोरडा रबरी स्पंज. हा आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहसा नसतो, ऑनलाइन मागवावा लागतो. तो पाणी न लावता भिंतीवरून एकाच दिशेने, सरळ पट्ट्यांत ओढायचा. काजळी त्याला चिकटते. एक बाजू काळी झाली की पलटायचा, दोन्ही झाल्या की कटरने वरचा थर कापून टाकायचा. धुवायचा नाही. कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यांसारखे काळे धागे लोंबत होते. ती जाळी नव्हती, काजळीच साखळीसारखी जुळून तशी लटकते. ती केरसुणीने झटकली तर भिंतीवर ओरखडा उठतो, म्हणून व्हॅक्यूमनेच ओढली.

त्यानंतर धुणे. पाच लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅमच्या आसपास धुण्याचा सोडा आणि थोडा लिक्विड साबण. रबरी हातमोजे घालूनच, सोडा कातडी सोलतो. इथे क्रम उलटा होतो. झाडणे वरून खाली, पण धुणे खालून वर. कोरड्या भिंतीवर घाण पाण्याचा ओघळ आला की तो पक्का बसतो. आधीच ओल्या आणि साफ भागावर आला तर पुसून निघतो. दोन हात मापाची जागा धुवायची, लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसायची आणि पुढे जायचे. हे साधे पाणी फार महत्त्वाचे. भिंतीवर सोडा राहिला तर वरचा रंग सुटतो.

स्वयंपाकघराचे छत वेगळे निघाले. डिस्टेंपर, त्यात पाण्याबरोबर मुरलेली काजळी, त्यावर पुट्टी, त्यावर नवा रंग. कोपऱ्यात चार इंच जागा धुऊन पाहिली तर सगळे लगद्यासारखे सुटायला लागले. असा पृष्ठभाग धुता येत नाही. ओट्याच्या वरचा साधारण सहा बाय आठ फुटांचा भाग प्लास्टरपर्यंत खरवडला, बाकी छताचा फक्त सुटा थर काढला. सगळेच छत खरवडावे असे माझ्या कामावरच्या मिस्त्रीचे मत होते. मला ते गरजेचे वाटले नाही, आणि अजूनही वाटत नाही, कारण पुढचा थर नेमका त्यासाठीच होता.

मग थांबणे. पावसाळ्यात हे सगळ्यांत अवघड. ओल्या भिंतीवर तेलाचा प्रायमर मारला तर ओल आत अडकते आणि महिन्याभरात फुगे येतात. आम्ही दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवत होतो. सकाळी आतल्या बाजूला दव दिसले तर काम बंद. स्टँडचे पंखे सतत चालू ठेवूनही पुढच्या खोलीची पश्चिमेची भिंत बराच काळ दव दाखवत राहिली. तिथे आम्ही घाई केली नाही.

कोंडून टाकण्यासाठी दोन गोष्टी वापरल्या. छतावरच्या तपकिरी डागांवर आणि खरवडलेल्या भागावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन पातळ हात. चपडा म्हणजे लाखच, लाकडाला पॉलिश करणारे वापरतात ती. धुराचा डाग आणि वास दोन्ही अडवण्यात तिच्याइतके परिणामकारक फार थोडे असते, आणि आपल्याकडे ती कोणत्याही पॉलिशवाल्याकडे मिळते. मेण काढलेला चपडा मिळाला तर उत्तम, मेणामुळे वरच्या थराची पकड कमी होते. चपड्याला सोडा चालत नाही, क्षाराने तो विरघळतो. म्हणून धुण्याचा सोडा पूर्ण निघालेला हवा आणि नव्या प्लास्टरवर तो लावू नये. स्पिरिट झटकन पेटते. त्या दिवशी गॅसचा सिलेंडर घराबाहेर, देवघरातला दिवा बंद, खिडक्या उघड्या.

त्यावर स्वयंपाकघरात सगळीकडे आणि हॉलच्या भिंतींच्या वरच्या भागात तेलाच्या प्रायमरचा एक हात. चोवीस तासांनी दमट हवेमुळे तो अजून बोटाला चिकटत होता, म्हणून आणखी एक दिवस सोडला. मग पॉलिश पेपरने हलके घासून प्लॅस्टिक पेंटचे दोन हात. रंगाआधी एक रात्र घर बंद ठेवून त्याच बाईंना परत आणले. प्रायमरचा वास होता, धुराचा त्यांना जाणवला नाही. तो जाणवला असता तर मी रंग दिला नसता. रंग दिल्यावर मागे जाता येत नाही.

माळ्याच्या प्लायवुडची कच्ची बाजू आणि कापलेल्या कडा, जिथवर ब्रश पोहोचला तिथवर, याच चपड्याने बंद केल्या. चिमणीची पाइप बदलली. डासांची जाळी धुण्यात अर्थ नव्हता, नवी बसवली.

कापडांचे काय केले

पडद्यांबाबत सगळ्यांत जास्त आशा वहिनींना होती, कारण ते नवे होते. पण गरम पाणी आणि इस्त्री या दोन्हींनी तेलकट थर धाग्यात पक्का केला होता. धुराच्या कापडाला वास पूर्ण जाईपर्यंत उष्णता द्यायची नसते. इस्त्री शेवटी.

सुती पडदे कोमट पाण्यात लिक्विड साबण आणि एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवले. सकाळी पाणी तपकिरी. ते फेकून परत तेच. पाणी निवळ येईपर्यंत हे चालू ठेवले आणि शेवटच्या खंगाळण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घातला. व्हिनेगर आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. वहिनींनी पडदे पांढरे व्हावेत म्हणून ब्लीचची बाटली आणून ठेवली होती. ती मी बाजूला ठेवायला लावली.

वाळवण्याचा प्रश्न मोठा होता. जुलैच्या हवेत कापड दोन दिवस दमट राहिले तर त्याला कुबट वास येतो आणि मग तो धुराचा की ओलीचा हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे एका वेळी एकच जोडी धुतली आणि मिरजेच्या घरी पंख्याखाली वाळवली. वासाच्या घरात वाळवले असते तर ओल्या कापडाने तोच वास पुन्हा ओढून घेतला असता.

तपासणी अशी केली. पूर्ण वाळलेला पडदा स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचे, उबदार जागी काही तास ठेवायचे आणि बाहेरच्या माणसाने पिशवी उघडताच वास घ्यायचा. पहिला श्वासच खरा. सुती पडदे यात उतरले. हॉलचे पॉलिस्टरचे पडदे, ज्यांना मागून ऊन अडवणारे रबरासारखे अस्तर होते, ते काही उतरले नाहीत. वास त्या अस्तरात शिरला होता आणि जोरात धुतल्यावर अस्तरच सुटायला लागले. वहिनींना ते टाकायला जड गेले. पण स्वच्छ खोलीत वासाचा एक पडदा टांगला तर पुन्हा सगळी खोली वास मारते, हे त्यांनी पिशवी स्वतः उघडून पाहिल्यावर मान्य केले.

गादी कापसाची असल्याने सोपे होते. पिंजाऱ्याकडे देऊन कापूस पिंजून घेतला, जुनी खोळ टाकली आणि नवी शिवली. पिंजताना कापूस मोकळा होतो, धूळ-काजळी झडते आणि हवा लागते. सोफ्याची खोळ धुऊन निघाली, पण फोम नाही. त्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवून व्हॅक्यूमने ओढला. वास कमी झाला, गेला नाही. फोमची छिद्रे आतवर असतात, सोडा वरचेच ओढतो. शेवटी सोफेवाल्याकडून फोम बदलून घेतला.

बेडरूमच्या कपाटात आजींची दोन रेशमी लुगडी आणि वहिनींचा लग्नातला शालू होता. त्यांना पाणी, सोडा, ऊन काहीच नको. घड्या उलगडून सावलीत हवेशीर जागी टांगली आणि मग ड्रायक्लीनला दिली, पण धुराचा वास आहे हे आधी सांगून. न सांगता दिले तर ते नेहमीसारखे साफ करून शेवटी वाफेची इस्त्री मारतात आणि वास बसतो.

निकाल

ऑगस्टमध्ये सलग पावसाचा एक आठवडा गेला. त्या आठवड्यात रात्रभर घर बंद ठेवून सकाळी तीच तपासणी केली. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम ठीक. छतावर डाग नाही. आजी परत आल्या आणि गणपतीला घर पाहुण्यांनी भरले. खोकला पहिल्यासारखा राहिला नाही असे त्यांचे म्हणणे. त्यात औषधांचा वाटा किती आणि घराचा किती हे डॉक्टरच सांगू शकतील.

पूर्ण यश मात्र नाही. माळ्याचे डाव्या हाताचे दार काही दिवस बंद राहिले की उघडताना अजून हलका वास येतो. तिथे प्लायवुड भिंतीला टेकून बसवले आहे आणि मागच्या फटीत ब्रश पोहोचत नाही.

काय वेगळे करता आले असते

घरच्यांसाठी पहिला तास निर्णायक होता. आग पूर्ण विझल्यावर आतल्या खोल्यांची दारे बंद करून, स्वयंपाकघराच्या खिडकीत टेबलफॅन बाहेरच्या बाजूला तोंड करून लावला असता आणि समोरची एकच खिडकी उघडली असती, तर धूर त्याच खोलीतून बाहेर ओढला गेला असता. अर्थात त्या खोलीचे वायरिंग जळलेले नाही याची खात्री करून, फॅनची वायर दुसऱ्या खोलीतून आणून. हॉलच्या छताच्या पंख्याने धूर हॉलभर फिरवून वरच्या भिंतींवर बसवला. हॉलचे जवळजवळ सगळे काम त्या एका पंख्यामुळे करावे लागले.

दुसरे, भिंतीला ओले फडके लावण्याआधी कोरडी सफाई. स्वयंपाकघराचे छत खरवडावे लागले ते आगीमुळे कमी आणि दुसऱ्या दिवशीच्या साबणपाण्यामुळे जास्त. साफ करण्याआधी फोटो काढले नाहीत, त्यामुळे विम्याच्या अर्जाला जोडायला घरच्यांकडे फक्त जळलेल्या चिमणीचा एक फोटो होता.

तिसरे, पडदे त्याच रात्री काढून पिशवीत बांधले असते आणि गरम पाण्यात न घालता भिजवले असते, तर सुती पडद्यांचे काम कमी झाले असते. पॉलिस्टरचे वाचले असते का, सांगता येत नाही. ते अस्तर तसेही वास सोडत नाही.

माझ्या बाजूने, माळ्याचे प्लायवुड भिंतीपासून सोडवून मागून चपडा लावायचा की आहे तसे समोरून बंद करायचे, हा निर्णय खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्या बाजूला गेला. दार सोडवायला सुताराचा एक दिवस आणि नवे बिजागर लागले असते. दिवाळीच्या आधी, हवा कोरडी झाली की, ते दार खाली उतरवून मागची बाजू घासून चपड्याचे दोन हात द्यायचे असे घरच्यांशी ठरले आहे. तोवर माळ्यात कपडे आणि अंथरूण ठेवू नका, पत्र्याच्या पेट्या आणि भांडीच ठेवा, असे सांगितले आहे.